कागद आणि लोखंड: मुरगावातील परदेशी जहाजांची तपासणी काय पाहते आणि काय पाहू शकत नाही

डिचोलीच्या खाणपट्ट्यात 2024 पासून खनिज उत्खनन पुन्हा सुरू झाले. त्या पट्ट्यातील खनिजाचा प्रवास गोमंतकीयांच्या परिचयाचा आहे. ट्रकांतून नदीकाठच्या जेटीवर, तेथून बार्जमधून मांडवीच्या मुखाकडे आणि मग मुरगावच्या समुद्रात नांगरलेल्या मोठ्या जहाजात. या टप्प्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा मालक, परवाना आणि उत्तरदायी अधिकारी गोव्यात सापडतो. जहाजापाशी मात्र हे चित्र बदलते. जहाजावर ध्वज पनामाचा किंवा लायबेरियाचा असतो, मालकी तिसऱ्याच देशातील एखाद्या कंपनीची असते, व्यवस्थापन चौथ्या देशातून चालते आणि खलाशी आणखी दोन-तीन देशांचे असतात. असे जहाज समुद्रात टिकण्याच्या लायकीचे आहे की नाही, हे पाहण्याची पहिली जबाबदारी ध्वजराष्ट्राची. पण ज्या ध्वजराष्ट्राचा किनारा हजारो मैल दूर आहे आणि ज्याच्यासाठी जहाजांची नोंदणी हा महसुलाचा मार्ग आहे, त्याच्या दक्षतेवर कोणतेही बंदर विसंबून राहू शकत नाही. म्हणूनच 'पोर्ट स्टेट कंट्रोल', म्हणजे बंदर ज्या देशाचे आहे त्या देशाने परदेशी जहाजाची करावयाची तपासणी, ही व्यवस्था उभी राहिली.

भारतात हे काम नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीतील मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटचे सर्वेक्षक करतात. एकट्या देशाने कडक होऊन उपयोग नसतो, कारण सदोष जहाज शेजारच्या सैल बंदराकडे वळते. यासाठी हिंदी महासागराच्या काठावरील देशांनी 1998 मध्ये प्रिटोरिया येथे सामंजस्य करार केला आणि तो 1 एप्रिल 1999 पासून अमलात आला. एका बंदरात आढळलेला दोष दुसऱ्या बंदराला कळावा, हा त्याचा गाभा. या कराराचे सचिवालय अनेक वर्षे गोव्यातूनच चालले, ही बाब गोव्यातही फारशी कोणाला ठाऊक नाही.

प्रत्येक जहाज तपासले जात नाही, तसे करणे शक्यही नाही. जहाजाचे वय, प्रकार, ध्वजराष्ट्राची आजवरची कामगिरी, मागील तपासणीतील दोष आणि त्या तपासणीला लोटलेला काळ पाहून निवड होते. तक्रार आली असेल, तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवून सर्वेक्षक जहाजावर जाऊ शकतो.

त्याची तपासणी जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वीच सुरू होते. बोटीतून जवळ जाताना तो भाररेषेची खूण पाहतो, गंजलेले भाग पाहतो आणि वर चढण्यासाठी सोडलेल्या शिडीचे दोर पाहतो. ज्या जहाजाला पायलटची शिडी धड ठेवता येत नाही, तिथे यंत्रकक्षात काय असेल याचा अंदाज अनुभवी माणसाला तेथेच येतो. मग कप्तानाच्या खोलीत कागदपत्रे पाहिली जातात: नोंदणी, सुरक्षा बांधणी व साधनांची प्रमाणपत्रे, भाररेषेचे व प्रदूषण प्रतिबंधाचे प्रमाणपत्र, विमा आणि अधिकाऱ्यांची पात्रता. नियम असा की वैध प्रमाणपत्र सकृद्दर्शनी मान्य करायचे. त्यावर अविश्वास दाखवण्यास स्पष्ट आधार दिसला, तरच सखोल तपासणी करता येते. हा आधार शोधणे हेच खरे कौशल्य आहे आणि तो बहुधा एका कागदाची दुसऱ्या कागदाशी आणि दोन्हींची लोखंडाशी तुलना केल्यावर सापडतो.

एक नमुना पाहावा. मध्यम आकाराचे मालवाहू जहाज दिवसाला 20 टन जड इंधन जाळत असेल, तर ते शुद्ध करताना ढोबळमानाने एक टक्का, म्हणजे दिवसाला 200 लिटर गाळ उरतो. 30 दिवसांच्या प्रवासात हा गाळ 6,000 लिटर होतो. जहाजाच्या तेल नोंदवहीत टाकीत फक्त 2,000 लिटर दाखवले आहेत, बंदरात गाळ उतरवल्याची पावती नाही आणि जहाजावरील भट्टीत तो जाळल्याची नोंदही नाही. मग उरलेले 4,000 लिटर गेले कोठे? हा प्रश्न मनात ठेवून सर्वेक्षक यंत्रकक्षात उतरतो. तेल आणि पाणी वेगळे करणाऱ्या यंत्रातून समुद्रात जाणाऱ्या पाण्यात तेलाचे प्रमाण दशलक्षात 15 भागांहून अधिक असता कामा नये. यंत्र चालू करून दाखवण्यास तो सांगतो, पण त्याची नजर असते यंत्राशेजारच्या नळांच्या जोडांवर. सगळ्या जोडांवर जुना रंग चढलेला असताना एखाद्या जोडाचे बोल्ट चकचकीत असतील, रंग पाण्याच्या धारेसारखा खरवडलेला असेल, तर तेथे बहुधा यंत्राला वळसा घालणारा तात्पुरता नळ बसवून काढलेला असतो. किनाऱ्यावर येणाऱ्या डांबराच्या गोळ्यांचे मूळ शोधणे फार अवघड असते. ते शोधण्याची थोडीफार शक्यता असलेल्या जागांपैकी ही एक.

अग्निशमनाच्या बाबतीत तो कागदापेक्षा कृतीवर भर देतो. आपत्कालीन अग्निपंप सुरू करायला लावतो आणि डेकवरील दोन नळ्यांतून पुरेशी धार येते का, ते पाहतो. आपत्कालीन जनित्राने मुख्य वीज गेल्यावर 45 सेकंदांत आपोआप पुरवठा सुरू करायचा असतो. जीवरक्षक होडीचे इंजिन सुरू होते का आणि तिला सोडणारा आकडा मोकळा आहे की रंगाने जाम झालेला आहे, तेही पाहिले जाते. मग खलाशांना आग लागल्याचा सराव करायला सांगितले जाते. उपकरणे नवी असूनही ज्याला नळी कोठे जोडायची ते ठाऊक नाही, असा खलाशी हा साधनांपेक्षा गंभीर दोष ठरतो.

खलाशांच्या बाबतीत तपासणीचा संबंध गोव्याच्या घरांशी थेट पोहोचतो. पेडणे, बार्देश वा सासष्टीतील घरातला मुलगा जेव्हा परदेशी ध्वजाखाली नोकरी करतो, तेव्हा त्याचे रक्षण रॉटरडॅम किंवा सिंगापूरच्या सर्वेक्षकाच्या हाती असते आणि मुरगावात आलेल्या फिलिपिनी खलाशाचे मुरगावच्या सर्वेक्षकाच्या. सागरी कामगार करारानुसार चोवीस तासांत किमान 10 आणि आठवड्यात 77 तास विश्रांती मिळायला हवी. भारताने हा करार 2015 मध्ये स्वीकारला. विश्रांतीच्या तक्त्यात दुसरा अधिकारी रात्री 2 वाजता झोपलेला दिसतो आणि माल भरण्याच्या नोंदवहीत त्याच वेळेला त्याची सही असते, तेव्हा एकतरी कागद खोटा ठरतो. वेतन, अन्नसाठा, परतीच्या प्रवासाची हमी यांविषयी खलाशी सर्वेक्षकाकडे तक्रार करू शकतो आणि तक्रारदाराचे नाव कप्तानाला सांगायचे नसते. तरीही नोकरी जाण्याच्या भीतीने अनेक तोंडे बंदच राहतात, हेही तितकेच खरे.

दोषांवर कारवाईचे आकडे ठरलेले आहेत. 10 म्हणजे दोष दूर झाला, 16 म्हणजे चौदा दिवसांत दूर करा, 17 म्हणजे निघण्यापूर्वी दूर करा आणि 30 म्हणजे जहाज रोखले. रोखण्याचा आदेश ध्वजराष्ट्राला आणि प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गीकरण संस्थेलाही कळवावा लागतो. सर्वेक्षकाच्या हातात मोठा अधिकार आहे, पण विनाकारण रोखल्यास जहाजमालक भरपाई मागू शकतो. म्हणून तपासणी काही तासांची आणि निवडक असते. सगळे जहाज उलगडून पाहणे तिचे काम नाही.

ही मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसते ती गोव्याच्या स्वतःच्या मालात. खनिजाचे बारीक चूर्ण, ज्याला 'फाइन्स' म्हणतात, वरून कोरडे दिसते. त्यातील ओलावा ठराविक मर्यादेपलीकडे गेला, तर समुद्राच्या हेलकाव्यांनी कणांमधील हवा निघून जाते, पाणी कणांना एकमेकांपासून सोडवते आणि ढीग चिखलासारखा वाहू लागतो. तो एका बाजूला सरकतो आणि परत येत नाही. 50 हजार टन मालात ओलावा एका टक्क्याने वाढला, तरी 500 टन पाणी जहाजात जाते.

2009 च्या पावसाळ्यात हेच घडले. हाँगकाँगचा ध्वज असलेले 'एशियन फॉरेस्ट' हे जहाज नवीन मंगळूर बंदरातून लोहखनिजाचे चूर्ण घेऊन निघाले आणि 18 जुलै रोजी बुडाले. त्यातील खलाशांना वाचवण्यात आले. जहाज अवघे दोन वर्षांचे होते. दोष लोखंडात नव्हता, मालात होता. त्यानंतर 9 सप्टेंबरला पारादीपजवळ मंगोलियाचा ध्वज असलेले 'ब्लॅक रोज' सुमारे 24 हजार टन लोहखनिजासह बुडाले आणि त्यात एका माणसाचा जीव गेला. या जहाजाचा विमा दाखवणारी कागदपत्रे बनावट होती, हे पुढे उघड झाले. बुडालेले जहाज, त्याच्या टाक्यांतील तेल आणि ते उचलण्याचा खर्च, हे सर्व कोणाच्या माथी बसते, ते कांदोळीच्या किनाऱ्याला सांगावे लागत नाही. तेथे जून 2000 मध्ये रुतलेले 'रिव्हर प्रिन्सेस' दशकभराहून अधिक काळ तसेच होते. 2012 मध्ये परदेशी जहाजांच्या प्रवेशाचे नियम आले, ते वैध विम्याशिवाय जहाज बंदरात येऊ नये यासाठी.

सर्वेक्षक विम्याचा कागद पाहील, खातरजमाही करील. ओलाव्याचा कागद मात्र जहाजाने नव्हे, माल पाठवणाऱ्याने द्यायचा असतो. 2011 पासून बंधनकारक झालेल्या संहितेनुसार वाहण्यास सुरक्षित ओलाव्याची मर्यादा प्रयोगशाळेत ठरवलेली असावी लागते आणि प्रत्यक्ष ओलाव्याचा नमुना माल भरण्यापूर्वी सात दिवसांच्या आत घेतलेला असावा लागतो. बार्जमधून आलेल्या मालाचा एकच नमुना सगळ्या ढिगाचे खरे सांगत नाही, कारण वरचा थर वाळतो आणि तळाशी पाणी साचते. कप्तानाला शंका आली, तर एक साधी कसोटी आहे. अर्धा ते एक लिटर मावणाऱ्या डब्यात अर्ध्यापर्यंत चूर्ण भरून डबा सुमारे 20 सेंटिमीटर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर 25 वेळा आपटायचा. वर पाणी किंवा चिखल दिसला, तर माल घेऊ नये आणि पुन्हा प्रयोगशाळेत पाठवावा. पाणी न दिसणे म्हणजे माल सुरक्षित, असे मात्र संहिता म्हणत नाही.

नमुना घेतल्यानंतर आणि माल भरण्यापूर्वी जोराचा पाऊस पडला, तर जुना अहवाल चालत नाही. चाचणी पुन्हा करावी लागते. डिचोलीत ऑक्टोबरचे परतीचे सरी येतात, जेटीवर ढीग उघडे पडलेले असतात, बार्जच्या होल्डवर पत्रे नसतात आणि मुरगावच्या नांगरतळावर दिवसाचे भाडे मोजणारे जहाज वाट पाहत असते. पोर्ट स्टेट कंट्रोलचा सर्वेक्षक त्या वेळी जहाजावर असेलच असे नाही.