डॉक्टरांचे पत्र आणि शाळेचे घड्याळ

‘सदर विद्यार्थिनीस टाइप १ मधुमेह असून तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे, ही विनंती.’ दवाखान्याच्या लेटरहेडवर एवढी एक ओळ, खाली सही आणि शिक्का. पालक हे पत्र शाळेत नेऊन देतात, मुख्याध्यापक ते फाइलला लावतात. कागद पूर्ण होतो. पण दुपारी साडेबाराला ती मुलगी घामाघूम होऊन बाकावर डोके टेकते, तेव्हा वर्गातल्या शिक्षकांना त्या ओळीचा काहीच उपयोग नसतो. ‘विशेष लक्ष’ म्हणजे नेमके काय करायचे, हे त्या पत्रात कुठेच नसते.

टाइप १ मधुमेहाच्या मुलासाठी डॉक्टरांनी शाळेला द्यायचे पत्र दाखल्यासारखे नव्हे, वेळापत्रकासारखे असायला हवे. ते का, हे एका दिवसाच्या उदाहरणातून नीट कळते.

समजा, धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत शिकणारी मुलगी आहे. वजन तीस किलो. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि गोळ्यांनी भागत नाही. इन्सुलिन बाहेरून टोचावेच लागते. या मुलीला सकाळी आणि संध्याकाळी, असे दोन वेळा इन्सुलिन दिले जाते. सकाळच्या सुईत दोन प्रकार एकत्र असतात, एक लवकर काम करणारे आणि एक सावकाश काम करणारे. साडेआठला सुई, नऊला भाकरी-भाजी आणि दहाला शाळा.

आता घड्याळ पाहावे. लवकर काम करणाऱ्या इन्सुलिनचा जोर दोन ते चार तासांनी, म्हणजे साडेदहा ते साडेबाराच्या सुमारास सर्वाधिक असतो. सावकाश काम करणाऱ्याचा जोर चार तासांनंतर वाढतो आणि दुपारी चार-साडेचारपर्यंत टिकतो. म्हणजे शाळेचा जवळजवळ सगळा वेळ मुलगी इन्सुलिनच्या जोराखाली असते. निरोगी शरीरात जेवण लांबले की इन्सुलिन आपोआप कमी होते. इथे तसे होत नाही. एकदा टोचलेले इन्सुलिन परत काढता येत नाही. गॅस संपला म्हणून दीडची खिचडी सव्वादोनला मिळाली तर बाकीची मुले फक्त भुकेजतात, पण या मुलीच्या रक्तातली साखर तोपर्यंत उतरत राहते. आधीच्या तासाला खो-खो झाला असेल तर आणखी वेगाने उतरते.

साखर उतरू लागली की घाम येतो, हात थरथरतात, चेहरा पांढरा पडतो, एकदम भूक लागते. मेंदूला साखर कमी पडली की वागणे बदलते. येणारा पाढा चुकतो, अक्षर वेडेवाकडे होते, मुलगी चिडते किंवा पेंगते. वर्गात याचा अर्थ हमखास चुकीचा लावला जातो. ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून तिला उभे केले जाते किंवा ‘बरे वाटत नसेल तर घरी जा’ असे सांगून एकटीला पाठवले जाते. दुसरी चूक पहिल्यापेक्षा धोक्याची आहे. वाटेत ती बेशुद्ध पडली तर जवळ कोणी नसते.

म्हणून पत्राची सुरुवात आजाराच्या व्याख्येने न होता कृतीने व्हावी. ते साधारण असे असावे:

‘मा. मुख्याध्यापक, सप्रेम नमस्कार. आपल्या शाळेतील इयत्ता सहावीच्या या विद्यार्थिनीवर आमच्याकडे टाइप १ मधुमेहाचे उपचार सुरू आहेत. तिला शाळेत सुई द्यावी लागत नाही आणि शिक्षकांनी ती देण्याची अपेक्षाही नाही. पुढील गोष्टी मात्र आवश्यक आहेत.

‘साडेअकरा वाजता वर्ग चालू असला तरी तिला एक केळे किंवा अर्धी चपाती खाऊ द्यावी. दीड वाजता सर्वांसोबत खिचडी खाऊ द्यावी. जेवणाला उशीर होणार असेल तर डब्यातला खाऊ आधी द्यावा. खेळाच्या तासापूर्वी तिने साखर तपासावी. १००पेक्षा कमी असेल तर आधी खाऊन मग खेळावे. साखर तपासण्याचे यंत्र तिच्या दप्तरात असते, ते काढून घेऊ नये. टोचण्याच्या वापरलेल्या सुया ती कडक प्लास्टिकच्या डबीत घालून घरी नेईल.

‘घाम, थरथर, पेंग किंवा विचित्र वागणे दिसले तर तिला जागेवरच बसवावे, एकटे सोडू नये. यंत्रावर ७०पेक्षा कमी आकडा आला, किंवा तपासायला वेळ लागणार असेल, तर चहाचे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा कप पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा अजून ७०खाली असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर, जेवणाला वेळ असेल तर अर्धी चपाती द्यावी.

‘ती शुद्धीवर नसेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर झोपवावे, १०८ क्रमांकावर फोन करावा, मग घरी कळवावे.

‘वारंवार लघवीला जाण्याची किंवा पाणी पिण्याची परवानगी मागितल्यास लगेच द्यावी. उलट्या, पोटदुखी किंवा जोरजोरात श्वास दिसल्यास पालकांना बोलावून त्याच वेळी रुग्णालयात पाठवावे. शाळा सुटेपर्यंत थांबू नये.’

पत्रातला शेवटचा परिच्छेद साखर वाढण्याबद्दल आहे. इन्सुलिन कमी पडले तर साखर तर चढतेच, शिवाय शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात आम्ल साठते. हे काही तासांत गंभीर होते आणि बाहेरून पोट बिघडल्यासारखे दिसते. साखर उतरण्याच्या बाबतीत मात्र हाताशी मिनिटेच असतात, म्हणून पत्रात ती आधी.

‘अर्धा कप पाण्यात साखर’ असे नेमके का लिहायचे? कारण घाबरलेला माणूस हाताला येईल ते देतो, आणि बहुधा बिस्किट किंवा चॉकलेट हाताला येते. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो. विरघळलेली साखर लवकर पोहोचते. ती पुडी वर्गातल्या कपाटात आणि मुलीच्या दप्तरात, अशी दोन्हीकडे असावी.

शिक्षकांची खरी अडचण वेगळीच असते आणि ती खोटी नाही. ‘काही बरेवाईट झाले तर जबाबदारी कोणाची?’ एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात, शाळेत नर्स नसते, आणि चुकीचे काही दिले गेले तर गाव विचारेल ही भीती असते. या भीतीला उत्तर देणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि ते पत्रातच द्यायला हवे. साखर उतरलेली नसताना तीन चमचे साखर दिली गेली, तर काही तास रक्तातला आकडा वाढलेला राहील आणि संध्याकाळी तो सांभाळता येईल. साखर खरोखर उतरलेली असताना दिली नाही, तर मुलगी काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकते. दोन्ही चुका सारख्या नाहीत. म्हणून शंका आली तर साखर द्यावी, आणि असे करण्याचा सल्ला डॉक्टरांनी सहीनिशी दिला आहे, हे शिक्षकांच्या हातात लेखी असावे.

शाळेने हे करावे यासाठी आधारही आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षा केंद्रात खाऊ आणि पाणी नेण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३मध्ये राज्यांना पत्र लिहून, अशा मुलांना वर्गात खाऊ खाण्याची, साखर तपासण्याची आणि डॉक्टरांनी सांगितल्यास इन्सुलिन घेण्याची परवानगी असावी, असे कळवले. मात्र अशा पत्रांमुळे फक्त परवानगी मिळते. साडेअकराला काय आणि दीडला काय, हे त्या एका मुलीच्या डॉक्टरांनाच सांगता येते.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात पत्रात आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली, शनिवार. त्या दिवशी शाळा सकाळची असते, त्यामुळे सुई आणि न्याहारी लवकर होते आणि सगळ्या वेळा मागे सरकतात. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की रोजच तसे होते. त्यामुळे पत्रात दोन वेळापत्रके हवीत, आणि सकाळच्या शाळेनंतर पायी घरी जाण्याआधी काही खायला द्यावे, हे त्यात वेगळे नोंदवायला हवे. दुसरी गोष्ट, फोन नंबर. भूम, वाशी, कळंब या भागातली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. फडावर असलेल्या वडिलांना फोन लागला तरी ते अर्ध्या तासात पोहोचू शकत नाहीत. म्हणून गावात असणाऱ्या माणसाचा नंबर आधी आणि पालकांचा नंतर लिहायचा. वसतिगृहात मुलगी असेल तर पत्राची एक प्रत तिथेही द्यायची, कारण संध्याकाळची सुई तिथेच घ्यायची असते.

पत्राच्या काही मर्यादाही आहेत. डोस बदलला, दोनच्या चार सुया झाल्या की जुने पत्र चुकीचे ठरते, कारण मग दुपारची सुई शाळेतच घ्यावी लागते. म्हणून त्यावर तारीख हवी आणि दर जूनमध्ये व डोस बदलताना ते नव्याने लिहायला हवे. बेशुद्ध मुलाची साखर वाढवणारे ग्लुकागॉनचे इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे ते पत्रात लिहून उपयोग नाही; १०८ लिहिलेले बरे. आणि हे पत्र परिपाठात वाचून दाखवण्यासाठी नाही. वर्गाला काय सांगायचे ते मुलीला विचारूनच ठरावे. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला मात्र तिची लक्षणे माहीत असावीत, कारण सर्वांत आधी ती तिलाच दिसतात.

असे पत्र लिहायला डॉक्टरांची पंधरा मिनिटे जातात आणि गर्दीच्या ओपीडीत तेवढी काढणे सोपे नसते. तरीही ते जमले आहे का, हे तपासण्याचा मार्ग सोपा आहे. वर्गशिक्षक रजेवर आहेत आणि एका दिवसासाठी दुसरे गुरुजी वर्गावर आले आहेत. साडेबाराला मुलगी बाकावर डोके टेकते. गुरुजी कपाटाच्या दारावर चिकटवलेला कागद वाचतात. तो वाचून त्यांचा हात साखरेच्या पुडीकडे गेला, तर ते पत्र बरोबर लिहिलेले आहे.