एकच बाटली, दोन कामे

आगाशीतील साठ किलो वजनाच्या एका आजी डोळ्यांसमोर आणा. त्यांच्या हातापायांवर लाल ठिपके उमटले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि तपासणीत प्लेटलेट्स केवळ सहा हजार आढळल्या. निदान झाले इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनियाचे. डॉक्टरांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देण्याचे ठरवले. तेव्हा मुलाने विचारले, "हे तर प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांना देतात ना? आईची प्रतिकारशक्ती तर तिच्याच प्लेटलेट्सवर उठली आहे!"

प्रश्न रास्त आहे. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातील प्रतिपिंडे एकत्र करून बनते. ज्यांच्या शरीरात प्रतिपिंडे पुरेशी तयार होत नाहीत, त्यांना ही उसनी प्रतिपिंडे संसर्गापासून वाचवतात. मात्र ती सुमारे तीन आठवड्यांत निम्मी होतात. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागतात. साठ किलोंच्या व्यक्तीस एका वेळी साधारण २४ ग्रॅम पुरतात.

आजींच्या आजारात प्रतिपिंडे प्लेटलेट्सना चिकटतात आणि प्लीहेतील भक्षक पेशी अशा प्लेटलेट्स गिळतात. बाहेरून आलेली विपुल प्रतिपिंडे या पेशींची पकडच व्यापून टाकतात, आणि प्लेटलेट्स वाचतात. औषधाच्या परिणामाचे हे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. १९८१ साली बर्न येथील पॉल इंबाख यांनी मुलांवरील असा परिणाम प्रसिद्ध केला. यासाठी मात्रा मोठी लागते: किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे आजींना ६० ग्रॅम, दहा टक्के द्रावणाचे ६०० मिलिलिटर. प्लेटलेट्स बहुधा एक ते चार दिवसांत वाढतात, पण काही आठवड्यांतच हा परिणाम ओसरतो. हे आजार मुळापासून बरे करणारे औषध नाही. रक्तस्राव थोपवून पुढील उपचारांस वेळ मिळवून देणारे आहे.

वृद्धांमध्ये याच मोठ्या मात्रेने रक्त दाट होऊन गुठळी होण्याचा व मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका असतो. म्हणून मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, पूर्वीचा पक्षाघात वा हृदयविकार डॉक्टरांना आधीच सांगावा. पाणी किती प्यावे, हेही त्यांनाच विचारावे. ठिबक संथ गतीने सुरू होते; थंडी वाजल्यास, अंगावर पित्त उठल्यास वा छातीत दडपल्यास परिचारिकेस तत्काळ बोलवावे.

घरी परतल्यावरही काही दिवस लक्ष ठेवावे. एकाच पायावर सूज, धाप, छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, लघवी कमी वा गडद होणे, अथवा मान आखडून तीव्र डोकेदुखी, यांपैकी काहीही दिसल्यास आगाशीहून विरारचे रुग्णालय गाठण्यास सकाळची वाट पाहू नये. आणि पुढील काही महिन्यांत रक्ताची तपासणी करताना हे औषध घेतल्याचे अवश्य सांगावे. दात्यांच्या प्रतिपिंडांमुळे कावीळ 'ब'सारख्या आजाराची चाचणी खोटी सकारात्मक येऊ शकते.