नग मोजले, माणसे मोजली नाहीत

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाच्या चाचणीसाठी निघालेली नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा माणसे प्राणास मुकली. मृतांमध्ये एक सात वर्षांचा मुलगाही होता. चौऱ्याऐंशी प्रवाशांची परवानगी असलेल्या त्या बोटीत शंभराहून अधिक माणसे होती आणि त्यांतील बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते, असे बचावलेल्यांनी सांगितले. त्यानंतर धक्क्यावर जॅकेट सक्तीचे झाले. हे योग्यच झाले. परंतु या सक्तीची तपासणी कशी होते, तर बोटीवर माणसे किती आणि जॅकेटे किती, अशी. दोन आकडे जुळले की कर्तव्य संपले. जॅकेट हा जणू तिकिटाचा अर्धा भाग आहे. ते प्रत्येकाला मिळाले म्हणजे समता झाली, असा हा हिशेब आहे. तो चुकीचा आहे. ज्याच्या त्याच्या देहाला न बसणारे जॅकेट सर्वांना सारखे वाटणे, ही समता नव्हे. त्यात जो देहाने सर्वांत लहान आणि सर्वांत किडकिडीत, तोच सर्वांत आधी बुडण्याची व्यवस्था आहे.

जॅकेट माणसाला तारते म्हणजे काय करते, हे आधी पाहिले पाहिजे. माणसाचे शरीर पाण्यापेक्षा फारसे जड नसते. तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी प्रौढ माणसाला बहुधा तीन ते साडेपाच किलोंचा वरचा आधार पुरतो. चांगले प्रवासी जॅकेट सुमारे दहा किलोंचा आधार देते. म्हणजे जॅकेटाच्या अंगी बळ पुरेसे असते. प्रश्न एवढाच, की ते बळ शरीरापर्यंत पोहोचते काय? माणूस पाण्यात पडला की जॅकेट वर धाव घेते आणि देह खाली ओढला जातो. पट्टे घट्ट असतील तर दोघे एकत्र वर येतात. पट्टे ढिले असतील किंवा घेर मोठा असेल तर जॅकेट एकटेच वर येते. ते हनुवटी, ओठ आणि नाक झाकत कानांशी जाऊन अडते, आणि माणूस त्याच्या आत, त्याच्या खाली लोंबकळत राहतो. लहान मुलाच्या बाबतीत तर ते डोक्यावरून निसटूनही जाते. जॅकेट तरंगते, मूल तरंगत नाही.

म्हणूनच जॅकेटाला दोन मापे असतात, आणि ती दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. वजन सांगते की जॅकेटाचे बळ आणि त्याची घडण कोणत्या देहासाठी आहे. छातीचा घेर सांगतो की ते त्या देहाला धरून राहील की नाही. मुलांचे जॅकेट मुख्यतः वजनावरून निवडतात, कारण मुलाचे डोके देहाच्या मानाने जड आणि खांदे अरुंद असतात. मोठ्यांसाठी निर्णायक ठरतो तो घेर. दोन प्रौढांचे वजन सारखे असूनही एकाची छाती रुंद आणि दुसऱ्याची अरुंद असू शकते. शिवाय चरबी तरंगते. त्यामुळे पाण्यात आधाराची गरज स्थूल माणसापेक्षा सडपातळ माणसाला अधिक असते. हा घेर काखांच्या खाली, छातीच्या सर्वांत रुंद भागाभोवती, अंगावरच्या कपड्यांसकट मोजायचा असतो. त्यासाठी शिंप्याची फीत पुरते.

समुद्रातील जीवितसुरक्षेविषयीच्या १९७४ च्या आंतरराष्ट्रीय कराराखालील नियमांत ही विभागणी स्पष्ट आहे. पंधरा किलोंखालील मूल तान्ह्यांच्या गटात, पंधरा ते त्रेचाळीस किलोंपर्यंतचे मुलांच्या गटात आणि त्रेचाळीस किलोंपासून पुढे प्रौढ. प्रत्येक मुलाला मुलाचे जॅकेट मिळाले पाहिजे. ज्यांचे वजन एकशेचाळीस किलोंपर्यंत आणि छाती एकशेपंचाहत्तर सेंटिमीटरपर्यंत आहे त्यांना प्रौढांचे जॅकेट अपुरे पडत असेल, तर ते बांधता यावे म्हणून जोडसाहित्य जहाजावर असले पाहिजे. हा करार देशोदेशी जाणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी आहे, भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणाऱ्या बोटीला तो लागू नाही. परंतु पाणी दोन्हीकडे एकच आहे. आलिशान जहाजावरील प्रवाशाच्या छातीचा घेर कायद्याला ठाऊक असावा आणि रोज कामासाठी खाडी ओलांडणाऱ्या बाईचा नसावा, याला वर्गभेद नाही तर काय म्हणावे?

या बाईचेच उदाहरण पुरते घेऊ. बांधकामावर पाट्या वाहणारी एक स्त्री बोटीत चढते. तिचे वजन एकोणचाळीस किलो, छातीचा घेर चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. अर्धपोटी राहणाऱ्या कष्टकऱ्यांच्या घरांत अशा स्त्रिया शोधाव्या लागत नाहीत. तिच्यासोबत दुसरीत जाणारा मुलगा आहे, एकवीस किलोंचा. खलाशी ढिगातून दोन नारिंगी जॅकेटे काढून त्यांच्या हाती देतो. दोन्हींच्या आतल्या चिठ्ठीवर त्रेचाळीस किलो आणि पुढे, छाती ऐंशी ते एकशेतीस सेंटिमीटर, असे छापलेले आहे. हिशेबाच्या वहीत दोन माणसे आणि दोन जॅकेटे, बरोबर जुळले. प्रत्यक्षात मुलगा वजनाने त्या चिठ्ठीच्या निम्म्यावरही नाही. आणि त्याची आई, वयाने प्रौढ असूनही, वजन व घेर या दोन्ही मापांनी त्या जॅकेटाच्या बाहेर आहे. पट्टे शेवटच्या टोकापर्यंत ओढले तरी तिच्या कुशीत मूठभर जागा मोकळी राहते. भुकेने तिच्या देहातून जे काढून घेतले, त्याची दंडवसुली येथे पाण्याकडून व्हायची आहे.

हे सारे बोट सुटण्यापूर्वी कळू शकते, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही. जॅकेट पदराच्या वा ओढणीच्या वरून चढवावे, खांद्यावरची पिशवी आधी काढावी, सर्व बकले लावावीत आणि पट्टे खालून वर या क्रमाने घट्ट ओढावेत. मग दोन्ही हात सरळ डोक्यावर उचलावेत. दुसऱ्या माणसाने मागे उभे राहून जॅकेट दोन्ही खांद्यांवर धरावे आणि ते जोराने सरळ वर ओढावे. जे पाणी करणार, तेच येथे हात करतात. जॅकेट किंचित हलून थांबले, खांद्यांवर चार बोटांपेक्षा अधिक फट पडली नाही आणि समोरचा भाग हनुवटीला भिडला नाही, तर ते बसले. ते ओठांशी किंवा कानांशी पोहोचले तर पट्टे पुन्हा ओढून एकदा तपासावे, आणि तरीही वर आले तर ते जॅकेट परत द्यावे. लहान मुलाला खांद्यांवरच्या भागाला धरून अलगद जमिनीवरून उचलावे. त्याची हनुवटी आणि कान आत निसटता कामा नयेत. मुलांच्या चांगल्या जॅकेटाला दोन्ही पायांमधून जाणारा एक पट्टा असतो. तो लोंबकळत सोडला, तर जॅकेट वर सरकू नये म्हणून केलेली सारी योजना वाया जाते.

या परीक्षेची मर्यादाही कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावी. वर ओढून पाहिल्याने मोठे जॅकेट पकडले जाते, लहान पकडले जात नाही. पंचाण्णव किलोंच्या माणसाला मुलाचे जॅकेट कसेबसे चढवून बांधले, तर ते तसूभरही हलणार नाही. परीक्षा उत्तीर्ण, पण आधार अपुरा. म्हणून आधी चिठ्ठीवरचे वजन वाचायचे आणि मगच ओढायचे. बकल लागत नसेल किंवा लावल्यावर पूर्ण श्वास घेता येत नसेल, तर ते जॅकेट लहान आहे हे सांगायला परीक्षेची गरजच नाही. तिसरी गोष्ट फोमची. बसण्याच्या गाद्या म्हणून वर्षानुवर्षे वापरलेली जॅकेटे दबून जातात आणि त्यांचे बळ घटते. दाबल्यावर जो फोम फुगून पुन्हा आकारात येत नाही, कडक झाला आहे किंवा भिजून जड राहिला आहे, तो अंगावर कितीही नीट बसला तरी तारणार नाही.

बोटमालकांचा आक्षेप ठरलेला आहे. वेळ कुठला, आणि निरनिराळ्या मापांची जॅकेटे ठेवायची कुठे? वेळेचा आक्षेप टिकत नाही. प्रवासी जोडीजोडीने एकमेकांची परीक्षा घेऊ शकतात. एका माणसास अर्धा मिनिट धरले, तर ऐंशी माणसांच्या चाळीस जोड्यांचे काम एकाच वेळी चालून मिनिटाभरात संपते, आणि खलाशाला फक्त परत आलेली जॅकेटे बदलून द्यावी लागतात. जागेचा आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर बोटीवर नसून धक्क्यावर आहे. मापवार साठा धक्क्यावर ठेवावा, जॅकेट तेथेच अंगावर चढवावे आणि पलीकडच्या तीरावर जमा करावे. हा खर्च मालकाने उचलावा की सागरी मंडळाने, हा वाद होऊ शकतो. तो प्रवाशाच्या प्राणावर टाकून सोडवता येत नाही.

तेव्हा रायगड आणि मुंबईतील कार्यकर्ते बोटींच्या प्रश्नावर निवेदने घेऊन जातील, त्या वेळी त्यांनी ‘प्रत्येकाला जॅकेट’ एवढीच मागणी करून परतू नये. ती मान्य झालेलीच आहे, आणि म्हणूनच ती धोक्याची झाली आहे. परवान्याच्या अटींत जॅकेटांची एकूण संख्या नको, गटवार संख्या हवी: तान्ह्यांची किती, मुलांची किती, प्रौढांची लहान आणि मोठ्या घेराची किती. तपासनिसाने ढीग मोजून सही करू नये, तर चढलेल्या प्रवाशांपैकी दहा जणांचे जॅकेट स्वतःच्या हाताने वर ओढून पाहावे, आणि त्यांत सर्वांत लहान मूल व सर्वांत किडकिडीत माणूस असलाच पाहिजे. जे जॅकेट त्या दोघांना बसले नाही, ते वहीतल्या हिशेबातून वजा झाले पाहिजे. तेवढी माणसे त्या फेरीत कमी बसवावीत.