बाजू फिरली की देणेकरी फिरतो

परभाषा : साप्ताहिक स्तंभ

शारजातल्या एका वाचकाने या आठवड्यात मला दोन चित्रं पाठवली. एक त्याच्या फोनवरच्या चॅटचा स्क्रीनशॉट आणि दुसरं त्याच स्क्रीनशॉटचं अरबी भाषांतर, पैसे मोजून करून घेतलेलं. अरबी जाणणाऱ्या स्नेह्याकडून मी ते तपासून घेतलं. शब्द न् शब्द बरोबर आहे. आणि तरीही हा कागद जसाच्या तसा न्यायाधीशासमोर गेला असता, तर पाच हजार दिरहम उसने देणारा हा माणूस ते उसने घेणारा वाटला असता. दुकानांच्या पाट्यांविषयी लिहिलं तेव्हा मी म्हटलं होतं की भाषांतर शब्दांत संपत नाही. तेव्हा काही वाचकांना ते अतिशयोक्त वाटलं. हे उदाहरण त्यांच्यासाठी.

संभाषण एवढंसं आहे. उसने घेणारा मित्र रजेवर चिपळूणला आलेला. 10:38 ला तो लिहितो, ‘पैसे मिळाले 🙏’. 10:42 ला आपला वाचक विचारतो, ‘परत कधी?’ 10:45 ला उत्तर येतं, ‘10-12 दिवसांत’. लगेच 10:46 ला पुढचा निरोप, ‘शुक्रवारी 🏠➡️✈️ आल्यावर देतो’. आणि 10:50 ला वाचकाचा अंगठा, 👍. मूळ चित्रात मित्राचे निरोप डावीकडे पांढऱ्या चौकटीत आहेत. वाचकाचे उजवीकडे, हिरव्या चौकटीत, खाली वेळ आणि दोन निळ्या टिका. कुठेही ‘अमुक म्हणाला’ असं लिहिलेलं नाही, लिहायची गरजही नाही. चॅटमध्ये बाजू हीच बोलणाऱ्याची सही असते.

भाषांतर करणाऱ्याने काय केलं? चौकटी जिथे होत्या तिथेच ठेवल्या, मराठी मजकूर पुसला आणि त्या जागी अरबी बसवला. वरचा नावाचा पट्टा कापला. छापील प्रत काळी-पांढरी म्हणून हिरवा रंग गेला. टिका मजकुराबरोबर पुसल्या गेल्या. उरली फक्त बाजू. पण फोनची भाषा अरबी केली की व्हॉट्सॲपचा पडदा आरशासारखा फिरतो. समोरच्याचे निरोप उजवीकडून येतात, कारण वाचनाची सुरुवात उजवीकडून होते, आणि आपले स्वतःचे डावीकडे जातात. असा फोन रोज वापरणारा माणूस हे भाषांतर हातात घेईल तेव्हा डावीकडची चौकट फोनमालकाची समजेल. फोनमालक म्हणजे आपला वाचक. म्हणजे ‘पैसे मिळाले’ वाचकाने म्हटलं, ‘आल्यावर देतो’ हेही त्यानेच म्हटलं आणि ‘परत कधी?’ असा तगादा चिपळूणच्या मित्राने लावला. एकही शब्द न चुकता देणेकरी बदलला.

आखातातले कितीतरी अरब फोन इंग्रजीतच ठेवतात, हे मला माहीत आहे. अशा वाचकाला उजवी चौकट फोनमालकाचीच वाटेल, म्हणजे त्याला हेच चित्र योग्य अर्थ देईल. म्हणून हा दोष मला जास्त गंभीर वाटतो. एकाच कागदाचे दोन वाचक दोन माणसांना कर्जदार ठरवतील आणि दोघांनाही आपलं चुकतंय अशी शंका येणार नाही.

आता हेच काम नीट केलं तर कसं दिसेल, ते मी कागदावर मांडून पाहिलं. निरोपांचा वरून खाली जाणारा क्रम तसाच राहतो. काळ अरबीतही वरून खालीच वाहतो, फिरते ती फक्त आडवी दिशा. मित्राच्या चौकटी उजव्या कडेला जातात, वाचकाच्या डाव्या कडेला. चौकटीचं टोकही बाजू बदलतं. चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात असलेली वेळ डाव्या कोपऱ्यात येते. पण वेळेच्या आतला क्रम फिरत नाही. अरबीतही आकडे डावीकडून उजवीकडेच लिहितात, तेव्हा 10:42 हे 10:42 च राहतं, आकडे कोणत्याही वळणाचे असोत. इजिप्तमध्ये आणि आखातात अरबी वळणाचे आकडे चालतात, मोरोक्को-अल्जीरियात आपल्या ओळखीचे इंग्रजी वळणाचे. सकाळ दाखवायला साद हे अक्षर लावायचं असेल तर ते आकड्यांच्या डावीकडे बसतं. टिका आरशात उलटवायच्या नसतात. बरोबरची खूण एकाच तिरक्या रेषेने ओळखली जाते, ती उलटी केली की नुसती विचित्र दिसते. त्या वेळेच्या शेजारी, फोनमालकाच्याच चौकटींत, तशाच ठेवायच्या.

टिकांचा आणखी एक उपयोग आहे. त्या फक्त पाठवलेल्या निरोपांना असतात, आलेल्यांना कधीच नसतात. म्हणून तयार चित्रातला सगळा मजकूर हाताने झाकावा आणि नुसत्या टिका पाहाव्यात. त्या सगळ्या एकाच बाजूला असतील आणि ती बाजू डावी असेल, तर आरसा पुरता फिरला आहे. दोन्हीकडे विखुरलेल्या असतील, तर कुणीतरी काही चौकटी हलवल्या आणि काही विसरला. त्या दिसतच नसतील तर कागद परत पाठवावा.

‘10-12 दिवसांत’ या निरोपाचं जे झालं ते सर्वांत बोधक आहे. युनिकोडच्या दिशानियमांत वेळेतली उभी दोन टिंबं आकड्यांचाच भाग धरली जातात, पण अरबी अक्षरामागून आलेल्या दोन आकड्यांमधली छोटी आडवी रेघ तशी धरली जात नाही. प्रत्येक आकडा आतून सरळ राहतो, पण दोघांची मांडणी उजवीकडून होते. पडद्यावर दिसतं 12-10. उजवीकडून वाचणाऱ्याला आधी दहा भेटतात, मग बारा, म्हणजे हे अगदी योग्य आहे. चित्र जुळवणाऱ्याला अरबी वाचता येत नसणार. त्याने मूळ चित्राशी ताडून पाहिलं, त्याला हे उलटं वाटलं आणि त्याने ते ‘सुधारलं’. आता अरबी वाचकासमोर ‘बारा ते दहा दिवसांत’ आहे. इथे तो हसून सोडून देईल. पण त्या जागी 5-3 अशी तारीख असती तर पाच मार्च की तीन मे, हे कुणी सांगायचं? अशा जागी संशय आला तर महिना अक्षरांत लिहून घ्यावा, तोही मूळ संभाषणावरून खात्री करूनच.

इमोजीचं दुखणं याच्या उलट आहे. मजकूर फिरतो, इमोजी फिरत नाही. घर, बाण, विमान ही तीन चित्रं अरबी ओळीत उजवीकडून मांडली जातात. घर सर्वांत उजवीकडे, मधे बाण, डावीकडे विमान. पण बाणाचं टोक उजवीकडेच राहतं, कारण कंसांना आरशाचा नियम लागतो, बाणांना लागत नाही. आता तो बाण विमानातून घराकडे बोट दाखवतो. मित्राने कळवलं होतं की शुक्रवारी घरून निघून शारजाला येतो. चित्र सांगतं की शुक्रवारी तो गावी चालला आहे. ‘आल्यावर देतो’चा अर्थही त्यामुळे पुढे ढकलला जातो.

इथे काय करावं यावर माझं मत ठाम आहे. मासिकात, पाठ्यपुस्तकात किंवा ॲपच्या जाहिरातीत छापायचं चित्र असेल तर बाण बदलून ⬅️ करावा. वाक्याच्या आधी मजकुराकडे बोट दाखवणारा 👉 असेल तर तोही 👈 करावा, नाहीतर ते बोट कागदाबाहेर दाखवत राहतं. पण पुरावा असेल तर एकही चिन्ह बदलू नये. तिथे इमोजी जसा आहे तसा ठेवून शेजारी कंसात लिहावं : ‘घर, उजवीकडे बाण, विमान, मूळ ओळ डावीकडून उजवीकडे’. लिहिणाऱ्याने बोटाने जे उमटवलं त्यावर भाषांतरकाराचा अधिकार नाही.

वेळेलाही हेच लागू. स्क्रीनशॉटवरची वेळ ज्या फोनवर तो काढला त्या फोनच्या घड्याळाची असते. शारजातले 10:42 म्हणजे चिपळुणात 12:12. कुणीतरी सद्भावनेने ती ‘भारतीय वेळ’ करून टाकतो आणि मग दोन फोनांचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवले की कुठला कुणाचा हे सांगणं अशक्य होतं.

या सगळ्याला फार मोठी विद्या लागत नाही. एक गोष्ट लागते, जी मी इथे पुन्हा पुन्हा सांगतो आणि पुन्हा सांगणार : उजवीकडून वाचायची सवय. ‘इन्किलाब’ हे उर्दू दैनिक कित्येक दशकं मुंबईत निघतं आहे. महंमद अली रोडवरून जाताना दर दहा पावलांवर उजवीकडून वाचायची पाटी दिसते. ही लिपी आपल्या शहरात, आपल्या शेजारी आहे आणि तरी आपल्याकडे चित्र जुळवणाऱ्यांना, भाषांतर तपासणाऱ्यांना ती चार दिवस शिकावीशी वाटत नाही. उर्दूचं पहिलं पुस्तक वाचलेला एक माणूस त्या टेबलावर असता, तर 12-10 ला त्याने हात लावला नसता, अशी माझी खात्री आहे. आणि चौकटी तिथेच ठेवून आत अरबी भरताना त्याचा हात नक्की थांबला असता, कारण पान कुठल्या कडेने सुरू होतं हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं.

आखातातल्या वाचकांना एक सांगणं. संयुक्त अरब अमिरातीतल्या बहुतेक न्यायालयांचं काम अरबीत चालतं आणि परभाषेतला पुरावा परवानाधारक अनुवादकाकडून अरबीत करून द्यावा लागतो. हे काम देताना फक्त चित्र देऊ नका. व्हॉट्सॲपमधून चॅट एक्स्पोर्ट करून ती मजकुराची फाइलही द्या. तिच्यात प्रत्येक निरोपाआधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव असतं. भाषांतर चित्रावर न करता तक्त्यात मागा : अनुक्रम, कोण, किती वाजता, काय. मूळ स्क्रीनशॉट न खोडता, रंगीत, वरच्या नावाच्या पट्ट्यासकट सोबत जोडा. आरशात फिरवलेलं चित्र कुणी करून दिलंच, तर त्यावर ‘पुनर्रचना’ असं अरबीत लिहून घ्या आणि प्रत्येक चौकटीवर बोलणाऱ्याचं नाव घाला. त्या वाचकाचा तक्ता आता तयार होतो आहे. पहिल्या भाषांतराचे पैसे मात्र त्याला परत मिळालेले नाहीत.