आधी घरचं प्रकरण
जगातले धर्म समजावणारं पुस्तक घेताना माझी एक खोड आहे: आधी हिंदू धर्माचं प्रकरण उघडायचं. ह्यूस्टन स्मिथ यांच्या १९५८च्या ‘द रिलिजन्स ऑफ मॅन’मध्ये वेदान्त आणि योग झकास भेटतात, वारी, नवस, कुळधर्म मात्र शोधत बसा. म्हणजे इतरांच्या प्रकरणांतही सायच वाढलेली असणार. लढाया-भानगडी मुद्दाम टाळल्याचं स्मिथ स्वतःच सांगतात, हा त्यांचा प्रामाणिकपणा. तरी नवख्यानं स्टीफन प्रोथेरो यांचं २०१०चं ‘गॉड इज नॉट वन’च घ्यावं. ते प्रत्येक धर्माला विचारतात, माणसाचं दुखणं काय आणि त्यावर उतारा काय? बौद्धांच्या लेखी दुखणं म्हणजे दुःख, ख्रिस्ती धर्मात पाप, इस्लाममध्ये गर्व. उतारेही अर्थात वेगवेगळे. ‘सगळे धर्म शेवटी एकच’ हे आमच्या कट्ट्याचं लाडकं वाक्य तिथं टिकत नाही, आणि ते बरंच आहे.