नंबर खरा, इमारत खोटी

ईदला कतारहून मामेभाऊ गावी आला होता. तोंडवलीला आमच्या ओटीवर बसून त्याने मोबाईल पुढे केला. कल्याणच्या बाजूला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट. नवव्या मजल्यावर, खाडी दिसते म्हणे. टोकन दोन लाख, तेही रोख. मी विचारलं, कागद बघितलेस? तो हसला. "भाईजान, फलकावर रेरा नंबर आहे ना. आता आणखी काय बघायचं?"

हे वाक्य मी गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे की आता त्याची चीड येते. रेरा नंबर म्हणजे सरकारने इमारत तपासून मारलेला शिक्का, असं आपण धरून चाललो आहोत. तसं ते नाही. आणि तसं नाही हे शिकवायला डोंबिवलीच्या 65 इमारतींइतका महागडा धडा दुसरा नसेल.

तिथे काय झालं ते नीट समजून घ्या. महारेराकडे नोंदणी करताना बिल्डरला महापालिकेचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र जोडावं लागतं. या लोकांनी कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नावाची बनावट प्रमाणपत्रं केली, खोट्या सह्या-शिक्क्यांची, आणि ती अपलोड केली. महारेराने नंबर दिला. म्हणजे नंबर खरा होता, संकेतस्थळावर दिसत होता. खोटा होता तो त्या नंबराखालचा कागद. संदीप पाटील या वास्तुविशारदांनी माहितीच्या अधिकारात महापालिकेला विचारलं, तेव्हा उघड झालं की अशा परवानग्या महापालिकेने दिलेल्याच नाहीत. ते उच्च न्यायालयात गेले. 2022 मध्ये गुन्हे दाखल झाले. 19 नोव्हेंबर 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. तोवर त्यांत हजारो लोक राहायला आले होते. त्यांच्याकडे नोंदणी केलेले करारनामे होते, मुद्रांक शुल्क भरलेलं होतं. अनेकांना बँकांनी कर्जही दिलं होतं.

म्हणून "बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद चोख" हेही म्हणू नका. आपल्यातल्या अनेकांचा प्रश्न तर त्याहून वेगळा आहे. व्याज नको म्हणून आपण कर्ज घेत नाही. आखातातली बचत आणि घरातल्या बायकांचं सोनं मोडून पैसे उभे करतो. त्या निर्णयाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मग बँकेचा वकील जे थोडंफार बघतो, तेही आपल्या कागदांच्या बाबतीत कुणी बघत नाही. ते काम आपल्यालाच करायचं आहे, आणि आपण मात्र "बिल्डर आपल्या ओळखीचा आहे, जमातीतला आहे" एवढ्यावर थांबतो.

मामेभावाला शेजारी बसवून मी maharera.maharashtra.gov.in उघडलं. नंबर टाकल्यावर प्रकल्पाचं पान आलं. नंबर खरा होता. पण पान उघडणं म्हणजे पान वाचणं नव्हे. प्रवर्तकाचं नाव आणि पावती देणाऱ्याचं नाव एकच आहे का, नोंदणी कोणत्या विंगची आहे, काम पूर्ण करण्याची तारीख कोणती, हे बघितलं. ते जुळलं. मग मंजूर मजल्यांचा रकाना बघितला. सात मजले. अपलोड केलेला मंजूर नकाशा उघडला, त्यातही सातच. आणि आमचा फ्लॅट नववा!

त्याने तिथूनच बिल्डरच्या माणसाला फोन लावला. तो न अडखळता म्हणाला, "वरच्या मजल्यांची मंजुरी येणारच आहे, फाइल आत आहे." फाइल आत असणं आणि मंजुरी हातात असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मंजुरी आली नाही, तर नववा मजला कागदावर हवेत असतो. हवेतली जागा विकून घेतलेल्या पैशातून बिल्डर खालचे मजले बांधतो, इतकं सरळ गणित आहे.

समजा मजले जुळले असते, तरी काम संपत नव्हतं. डोंबिवलीत अपलोड केलेला कागदच खोटा होता. म्हणून प्रारंभ प्रमाणपत्रावरचा जावक क्रमांक आणि तारीख उतरवून घ्यायची आणि महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः विचारायचं, की हे पत्र तुमच्याच दप्तरातलं आहे का? तोंडी "हो" पुरत नाही. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून त्या प्रमाणपत्राची आणि मंजूर नकाशाची प्रत मागायची. उत्तराची मुदत तीस दिवस. बिल्डरने दिलेली प्रत आणि महापालिकेने दिलेली प्रत शेजारी ठेवायच्या. सर्व्हे नंबर, मजले, फ्लॅटची संख्या, यातलं काहीही वेगळं निघालं तर तिथेच थांबायचं. डोंबिवली प्रकरणानंतर महारेरा ही प्रमाणपत्रं नियोजन प्राधिकरणांकडून पडताळून घेऊ लागलं आहे. चांगलं आहे. पण जुने नंबर अजूनही बाजारात आहेत, तेव्हा तीस दिवस वाचवू नका.

आता भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात. बांधकाम चालू असलेल्या मजल्यांना ते असूच शकत नाही. तरी मामेभावाला "ओसी आहे" असं सांगितलं होतं. निघालं ते शेजारच्या, आधीच पूर्ण झालेल्या विंगचं. भोगवटा प्रमाणपत्रावर इमारत आणि मजले लिहिलेले असतात. ते तेवढ्यापुरतंच. वास्तुविशारदाने दिलेला काम पूर्ण झाल्याचा दाखलाही ओसी नव्हे, ओसी महापालिकाच देते. 17 डिसेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की या प्रमाणपत्राशिवाय ताबा द्यायचा नाही, आणि बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा जागेवर लावलेला हवा. म्हणून साइटवर गेलात तर नमुना फ्लॅटचं फर्निचर बघण्याआधी तो नकाशा कुठे लावला आहे ते विचारा.

आणि ते रोख टोकन. रेरा कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पण रोख दिलेली रक्कम पावतीवर येतच नाही. मग परतावा मागायची वेळ आली की, जे दिल्याचा पुरावा नाही, ते मागणार कसं?

कुणी म्हणेल, मास्तर, तपासणं हे सरकारचं काम, गरीब ग्राहकाच्या गळ्यात कशाला? अगदी बरोबर. न तपासता नंबर देणाऱ्यांना आणि डोळ्यांदेखत मजले चढत असताना गप्प बसलेल्या अधिकाऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण बुलडोझर त्यांच्या दारात येत नाही. तो घेणाऱ्याच्या दारात येतो.

मामेभावाने टोकन दिलं नाही. बिल्डरच्या माणसाचा दुसऱ्या दिवशी फोन आला, "आज नाही घेतलात तर फ्लॅट जाईल." तो म्हणाला, "जाऊ द्या. अजून आलेलाच कुठे आहे तो?"