खंडाची मुदत तोडणीपर्यंत हवी

कोल्हापूर जिल्ह्यात खंडाने रान देण्याचा व्यवहार अनेकदा तोंडी आणि वर्षाच्या बोलीवर ठरतो. कूळ लागेल या धास्तीने मालक कागद टाळतो. सोयाबीनला वर्षाची बोली पुरते, उसाला पुरत नाही. जुलैत लावलेला आडसाली ऊस 16 ते 18 महिने रानात उभा असतो. वर्ष सरल्यावर मालक रान मागतो, तेव्हा कसणारा तोडीची वाट पाहत असतो. म्हणून मुदत तारखेची नको. ‘लावण तुटेपर्यंत’ किंवा ‘एक खोडवा तुटेपर्यंत’ अशी हवी.

खंड रोख की वाट्याने, हे रान पाहून ठरवावे. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगाकाठचा ऊस पाण्याखाली गेला. रोख खंड आगाऊ मोजलेल्याचे नुकसान त्याच्या एकट्याचे. वाट्यात ते दोघांत विभागते. नदीकाठच्या रानाला वाटाच रास्त. भरपाईही सहसा सातबारावरच्या मालकाच्या खात्यात जाते. ती कोणाची, हे आधीच लिहून घेतलेले बरे.

पाणीपुरवठा संस्थेत सभासद मालक असतो, पाणी वापरतो कसणारा. त्यामुळे मागची पाणीपट्टी थकली आहे का, हे लावणीआधी विचारावे. ऐन उन्हाळ्यात पाळी चुकली तर ऊस सावरत नाही.

रान परत देताना सर्वाधिक वाद खोडक्यांवरून होतो. त्या काढून नांगरट कोणी करायची, हे ठरवलेले नसले की तो खर्च मालकाच्या माथी बसतो.